नाव गाळल्यावर काय उरते?

फेसबुकवर स्त्रियांनी स्वतः रचून प्रसिद्ध केलेल्या ओव्या हा माझ्या एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधाचा विषय. तिने चाळीस नोंदी जमवल्या होत्या, सर्वच सार्वजनिक. लेखिकांची नावे गाळून त्यांना क्रमांक दिले की खासगीपणाचा प्रश्न मिटतो, अशी तिची धारणा होती. मी तिला एका ओवीतील पाच-सहा शब्द फेसबुकच्याच शोधचौकटीत लिहून पाहण्यास सांगितले. मूळ नोंद तत्काळ समोर आली: लेखिकेचे छायाचित्र, गाव, नातेवाइकांचे अभिप्राय यांसह. ओवी सासरी भोगलेल्या मारहाणीविषयी होती.

समाजशास्त्राचा अभ्यासक अशा वेळी मजकुराचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगून मोकळा होऊ शकतो. आपल्याला ती वाट बंद आहे. ओवीतील बोलीचे रूप, यमक, तिसऱ्या चरणाचा झोका हेच जर अभ्यासद्रव्य, तर शब्द बदलताच संहिता नाहीशी होते. आणि शब्द तसेच ठेवले तर लेखिका सापडते. शिवाय ती रचनेची कर्ती आहे. तिचे नाव गाळणे तिच्या रक्षणासाठी असले, तरी त्यात तिचे श्रेयही जाते. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरील ओव्यांबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदलेले आढळते. परंतु तेथे संग्राहक तिच्यासमोर बसलेला असे.

2023च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे कायदा अडवत नाही, इतकेच. परिचितांसाठी लिहिणाऱ्या स्त्रीने ग्रंथालयातील बांधीव प्रबंधाची कल्पना केलेली नसते. तिने नोंद पुढे पुसली तरी प्रबंधातील प्रत पुसली जात नाही.

म्हणून आम्ही केवळ अवतरणासाठी निवडलेल्या नऊ ओव्यांच्या लेखिकांना पत्र लिहावयाचे ठरवले. कोण, कोणत्या विभागातून, नेमक्या कोणत्या ओळी, कोठे छापल्या जाणार, नाव हवे की नको, आणि कोणत्या तारखेपर्यंत नकार कळवता येईल, एवढे सारे साध्या मराठीत. एक व्यावहारिक अडचण ध्यानात ठेवावी: अनोळखी व्यक्तीचा संदेश फेसबुकवर बहुधा वेगळ्या कप्प्यात जातो आणि कित्येकदा वाचलाच जात नाही. त्यामुळे मौनाला संमती मानता येत नाही.

पाच जणींनी होकार दिला. त्यांपैकी चौघींनी नाव छापण्याचा आग्रह धरला. एकीने स्पष्ट नकार दिला. तिघींचे उत्तर आले नाही, आणि मारहाणीच्या ओवीची लेखिका त्यांतच होती. त्या चार ओव्या वृत्त आणि विषय यांच्या एकत्रित कोष्टकात मोजल्या आहेत; त्यांची एकही ओळ प्रबंधात नाही. त्या प्रकरणाचे विवेचन त्यामुळे पांगळे झाले आहे, आणि प्रस्तावनेत विद्यार्थिनीने तसे लिहिलेही आहे.