न मोजलेला माल

बिल चोवीस पंपांचं गेलं होतं आणि होसूरच्या कारखान्यात खोकी उतरली होती बावीस. ग्राहकाच्या स्टोअरचा फोन पुण्याला, म्हणजे आमच्या क्लायंटच्या ऑफिसात आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. सगळ्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं. ऑर्डर चोवीस, खरेदी चोवीस, पुरवठादाराचं बिल चोवीस, आपलं बिल चोवीस. सगळे आकडे जुळत होते. चूक नेमकी तिथेच होती.

आमचा क्लायंट पुण्याचा पंपविक्रेता. पंप बनतात कोइम्बतूरला, ग्राहक होसूरचा. दोन्ही गावं तामिळनाडूतच, तेव्हा पंप आधी पुण्याला आणून परत खाली पाठवण्यात काहीच अर्थ नाही. कारखान्यातून माल थेट ग्राहकाकडे जातो, कागद तेवढे पुण्याला येतात. धंद्यात याला ड्रॉप शिपिंग म्हणतात, सॅपमध्ये थर्ड पार्टी ऑर्डर. नावातल्या ‘थर्ड पार्टी’मुळे नवी मुलं हिची गल्लत थर्ड पार्टी लॉजिस्टिक्सशी करतात. तिथे गोदाम आणि हमाल परक्याचे असले तरी स्टॉक आपला असतो, आपल्या वहीत दिसतो. इथे स्टॉक कधी आपल्या वहीत येतच नाही.

सॅपमध्ये विक्रीची ऑर्डर भरताना त्या ओळीला `TAS` ही आयटम कॅटेगरी लागली, की ऑर्डर सेव्ह होताच खरेदीची मागणी आपोआप तयार होते. ग्राहकाचा पत्ताही तिच्यात उतरतो. खरेदी विभाग त्या मागणीवरून पुरवठादाराला पीओ पाठवतो, पुरवठादार माल रवाना करतो आणि बिल आपल्याला देतो. ते बिल `MIRO` मध्ये नोंदलं गेलं की ग्राहकाचं बिल काढायची वाट मोकळी होते. `TAS` ला मुळातच `F` ही खूण असते. तिचा अर्थ असा, की पुरवठादाराने जेवढ्या नगांचं बिल दिलं, तेवढ्याच नगांचं बिल ग्राहकाला द्या.

म्हणजे कितीचं बिल करायचं, हा आकडा पुरवठादाराच्या कागदावरून येतो. एरवी गोदामाला गाडी लागली की स्टोअरकीपर चलन हातात घेऊन खोकी मोजतो, फुटकं बाजूला काढतो आणि मग जीआरएन करतो. पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळले तरच पैसे सुटतात. यातला मधला कागद हाच एकमेव असा, की जो प्रत्यक्ष माल पाहिलेल्या माणसाने केलेला असतो. थर्ड पार्टी ऑर्डरमध्ये तोच गळतो. उरतात पीओ आणि बिल. पुरवठादार पीओ समोर ठेवूनच बिल बनवतो, त्यामुळे ते दोन्ही जुळणारच.

आमचे दोन पंप सेलमला होते. ट्रान्सपोर्टवाल्याने तिथे गाडी बदलली आणि दोन खोकी त्याच्या गोदामातच राहिली. खरेदी नगाला 18,000, विक्री 20,500. म्हणजे ग्राहकाला 41,000 रुपयांचं जास्त बिल गेलं होतं, वर जीएसटी वेगळा. आणि पुरवठादाराला चोवीस पंपांचे पैसे द्यायची तारीख चार दिवसांवर आली होती.

यावर सॅपमध्ये सोय आहे, तिला सांख्यिकी माल-पावती म्हणतात. पीओवर ती सोय चालू केली, की माल न पाहताही जीआरएन करता येतो. स्टॉक वाढत नाही, पण इतके नग पोचले अशी नोंद होते. प्रश्न एवढाच, की ही नोंद कशाच्या आधारावर करायची? मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं, ग्राहकाच्या सहीशिक्क्याची एलआर परत आली की करा आणि बिलही त्याच आकड्याचं काढा. कागदावर उपाय बिनतोड होता. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यातच आपटला.

कारण ई-वे बिल. माल कोइम्बतूरहून निघताना पुरवठादाराने ई-वे बिल काढलं, तर त्यावर त्याच्या बिलाचा नंबर आणि त्याची किंमत येते. ड्रायव्हर तोच कागद होसूरच्या गेटवर दाखवणार आणि आपण पंप 18,000 ला घेतो हे ग्राहकाला फुकटात कळणार. 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारने खुलासा केला, की अशा व्यवहारात एकच ई-वे बिल पुरे, मग ते पुरवठादाराने काढावं किंवा मधल्या विक्रेत्याने. आपण काढलं तर ‘बिल फ्रॉम’ पुणे, ‘डिस्पॅच फ्रॉम’ कोइम्बतूर, आणि किंमत आपल्या बिलाची. भाव झाकायचा तर हाच मार्ग. पण त्यासाठी आपलं बिल गाडी हलण्याआधी तयार हवं. `F` म्हणतं, पुरवठादाराचं बिल नोंदवल्याशिवाय नाही. मी म्हणत होतो, एलआर आल्याशिवाय नाही. आणि गाडी कोइम्बतूरच्या फाटकात उभी.

करातही याच त्रिकोणामुळे घोळ होतो. गाडी तामिळनाडूबाहेर जात नाही, तरी पुरवठादार आपल्याला आयजीएसटी लावतो. आयजीएसटी कायद्याचं कलम 10(1)(ख) सांगतं, की तुमच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याला दिला, तर तो तुम्हालाच मिळाला असं समजायचं आणि पुरवठ्याचं ठिकाण तुमच्या मुख्य कचेरीचं, म्हणजे महाराष्ट्र. आपण होसूरला बिल करतो तेव्हाही आयजीएसटीच. आमच्याकडे एका नव्या मुलाने डिलिव्हरीचा पत्ता तामिळनाडूचा पाहून खरेदीला राज्यातल्या व्यवहाराचा टॅक्स कोड लावला आणि पुरवठादाराचं बिल जुळेना. त्याला मी रागावलो नाही. न आलेला माल आला असं समजायला कायदा सांगतो, सॅपही सांगतं. पत्ता मात्र दिसतो होसूरचा.

शेवटी आम्ही एका कागदावर टाकलेली दोन कामं वेगळी केली. पुरवठादार गाडी भरताना खोक्यांच्या संख्येसह रवानगीची सूचना पाठवतो. तिच्यावरून पुण्याचा माणूस सांख्यिकी पावती करतो. बिलाचा आकडा पुरवठादाराच्या बिलाऐवजी या पावतीवरून घ्यायचा, एवढं सेटिंग बदललं. आपलं बिल निघतं, ई-वे बिल निघतं, गाडी हलते. सहीशिक्क्याची एलआर मात्र दुसऱ्या टोकाला लावली: ती येईपर्यंत पुरवठादाराचं बिल नोंदलं तरी पैसे अडकून राहतात. खोकी कमी निघाली, तर ग्राहकाला क्रेडिट नोट आणि पुरवठादाराला डेबिट नोट. ग्राहकाला बिल आधी जातं आणि मोजणी मागून येते, हा उणेपणा मला मान्य आहे. पण पैसे बाहेर जाण्याआधी ती येते.

पहिल्या महिन्यात एलआरचे फोटो व्हॉट्सॲपवर यायला लागले. शिक्का ठसठशीत, सही आहे, तारीख आहे. अकाउंट्सवाल्यांनी भराभर पैसे मोकळे केले. मग कोइम्बतूरहून एका एलआरची मूळ प्रत कुरिअरने आली. ती पालथी केली तर मागे बॉलपेनने लिहिलं होतं, एक खोकं ओलं, घेतलं नाही. ड्रायव्हरने फोटो पुढच्याच बाजूचा काढला होता. आता दोन्ही बाजूंचे फोटो आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्यासाठी सॅपमध्ये काही केलेलं नाही. अकाउंट्सच्या टेबलावर काचेखाली चिठ्ठी ठेवली आहे.