नथ दिसली पाहिजे, पदर हलला पाहिजे

मोबाइलवर फोटोला एका बोटात ‘चित्र’ करून देणारी फिल्टरं आता सगळ्यांकडे असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका असो की नाट्यमंडळाची पुस्तिका, फोटो त्यातून काढूनच छापायला जातो. डोंगर, इमारत, फुलदाणी यांना ते चालतं. नाचणाऱ्या माणसाला मात्र चालत नाही, आणि का चालत नाही हे कळायला ते फिल्टर काय करतं ते पाहायला हवं. जिथे उजेड-अंधार एकदम बदलतो तिथे ते काळी रेघ ओढतं आणि बाकीचा भाग सपाट रंगाने भरून टाकतं. फोटोत स्थिर असलेल्या वस्तूची कड तीक्ष्ण असते, म्हणून माइकचा दांडा, तबल्याची कड, मागच्या पडद्याची चूण हे सगळं ठसठशीत उठून येतं. हलणाऱ्या हाताची कड पुसट असते, म्हणून फिल्टरला तो हात दिसतच नाही. म्हणजे रंगमंचावर जे हलत होतं ते पुसलं जातं आणि जे नुसतं उभं होतं ते कोरलं जातं.

आमच्या गावातल्या एका मंडळाने लावणी आणि कथकचा एकत्र कार्यक्रम ठेवला होता. पुस्तिकेचा मजकूर मराठी आणि उर्दू दोन्हीत हवा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. मजकुराबरोबर छापखान्याने तयार केलेली पानंही आली. लावणी सादर करणाऱ्या बाई पन्नाशीच्या. त्यांनी स्वतःचं पान हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, “सर, साडी माझीच आहे. पण ही बाई कोण?”

त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं. चेहरा दोन शेड उजळ झाला होता, डोळ्यांतलं काजळ आणि पापणीची रेघ एकमेकांत मिसळली होती, कपाळावरची चंद्रकोर नुसता लाल ठिपका झाली होती आणि नथीच्या जागी पांढरा डाग होता. दोन तास बसून केलेला मेकअप आणि स्वतःच्या पैशाने घेतलेला साज यांतलं काही उरलं नव्हतं. “वय लपवायला मी सांगितलं नव्हतं,” असंही त्या म्हणाल्या. मला फोटोंचा नाद जुना आहे, गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो. म्हणून ती पानं नव्याने करायचं काम मी अंगावर घेतलं.

पहिली गोष्ट फोटो निवडायची. फोटोग्राफरकडे त्याच लावणीचे दोन फोटो होते. एक सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलेला. त्यात डोक्यावरून फिरवलेला पदर असा थिजला होता की दोरीवर वाळत घातलेलं लुगडं वाटावं. दुसरा सेकंदाच्या साठाव्या भागातला. ठेक्यावर मान क्षणभर थांबते, तेव्हा चेहरा स्पष्ट आला होता आणि पदराचं टोक वाहत होतं. फोटोग्राफरला पहिला आवडला होता, कारण तो ‘शार्प’ होता. मी दुसरा घेतला. गती फोटोत आधीच असेल तर ती नुसती सांभाळायची असते, पण नसेल तर नंतर घातलेली गती बहुतेक वेळा उपरी दिसते. फोटो मात्र मूळ फाइलच मागायची. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत लहान आणि दाबलेली असते. ए-फाइव्ह आकाराचं पूर्ण पान, कापणीची तीन मिलिमीटर जागा धरून, इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने साधारण १८०० बाय २५५० पिक्सेल मागतं. तेवढं नसेल तर नथीचे मोती वेगळे दिसणारच नाहीत.

मग खरं काम. सगळ्या फोटोला एकच फिल्टर लावायचं नाही, हा त्यातला गाभा. मूळ फोटोची एक प्रत वर ठेवायची, ती प्रत चित्रासारखी करायची आणि तिच्यावर मास्क लावायचा. मास्क जिथे पांढरा तिथे चित्र दिसतं, जिथे काळा तिथे खालचा मूळ फोटो, आणि करडा असेल तिथे दोघांचं मिश्रण. वरच्या प्रतीला मी आधी Selective Gaussian Blur दिलं, कारण कमी उजेडातल्या फोटोत दाणे असतात आणि ते तसेच ठेवले तर पुढच्या पायरीत कडांवर पिसवा बसल्यासारखे दिसतात. त्यानंतर Posterize, म्हणजे रंगांच्या पायऱ्या कमी करणं. नऊवारीच्या अंगाला सहा पायऱ्या छान बसल्या, घड्या कागद कापून चिकटवल्यासारख्या दिसू लागल्या.

पण त्याच सहा पायऱ्या चेहऱ्यावर आल्या की घोटाळा होतो. गालावरची लाली कडेला हळूहळू विरत जाते. पायऱ्या केल्या की ती विरत नाही, मध्येच तुटते, आणि गालावर मार लागल्यासारखा डाग दिसतो. स्टेजच्या मेकअपमध्ये नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद छटा देतात, तिचंही तसंच होतं. म्हणून चेहऱ्यावर मी मास्क गडद करडा केला, चित्राचा अंश जेमतेम चौथा हिस्सा ठेवला. डोळे, ओठांची कड, चंद्रकोर आणि नथ यांवर लहान ब्रशने पूर्ण काळा. काठाच्या जरीवर मधला करडा, कारण जरीची चमक बारीक ठिपक्यांत असते आणि पायऱ्यांत ती पिवळ्या पट्ट्यासारखी दिसते. साडीचं अंग आणि मागचा पडदा पूर्ण पांढरा ठेवला. त्वचेच्या उजेडाला मी हात लावला नाही. रंग बदलायचा असेल तर पडद्याचा बदलावा.

एका फोटोत आणखी अडचण होती. वरून गर्द गुलाबी एलईडी दिवा पडला होता आणि चेहरा सपाट, मुखवट्यासारखा झाला होता. अशा उजेडात फोटोचे लाल आणि निळे भाग काठोकाठ भरून जातात आणि त्यांत तपशील राहत नाही. हिरवा भाग मात्र वाचलेला असतो. Mono Mixer मध्ये लाल आणि निळा शून्य, हिरवा एक असं ठेवून कृष्णधवल प्रत काढली तर भुवया, काजळ, ओठ सगळं त्यात सापडतं, फक्त काळपट. ती प्रत थोडी उजळून, निम्म्या पारदर्शकतेने, Luminance पद्धतीने मूळ फोटोवर ठेवली. गुलाबी उजेड तसाच राहिला आणि चेहरा परत आला. पण हिरवा भागही भरून गेलेला असेल तर काही करता येत नाही. तो फोटो सोडून द्यायचा.

आता गती. पदराच्या पुसट भागाला पायऱ्या दिल्या की त्यावर नकाशातल्या समोच्चरेषांसारखे पट्टे उमटतात. हे पट्टे पदराच्या वळणाबरोबर धावत असतील तर सुंदर दिसतात, तिथे काही करू नये. ते आडवे तुटत असतील तर त्या भागापुरतं Linear Motion Blur द्यायचं. मात्र ते सरळ रेषेत चालतं आणि पदर तर कमान करतो. म्हणून मी पदराचे तीन तुकडे निवडले आणि प्रत्येकाला त्याच्या वळणाप्रमाणे वेगळा कोन दिला. पुढची कड मास्कने स्पष्ट ठेवली, फक्त मागची शेपटी विरू दिली. त्यानंतर पूर्ण फोटोला शार्पन करायचं नाही, नाहीतर सगळी मेहनत वाया.

कथक करणाऱ्या मुलीचा चक्कर घेतानाचा फोटो होता. छापखान्यातल्या मुलाने त्यावर गोल फिरणारं ब्लर टाकलं होतं आणि तिचा घागरा छताच्या पंख्यासारखा दिसत होता. चक्कर फिरते ती उभ्या अक्षाभोवती, डोक्यापासून टाचेपर्यंतच्या. समोरून पाहणाऱ्याला घेराची किनार आडवी धावताना दिसते. तीही मध्यभागी सगळ्यात वेगाने, कारण दोन्ही टोकांना कापड आपल्याकडे येत असतं किंवा आपल्यापासून दूर जात असतं. म्हणून ब्लर आडवंच द्यायचं, मध्ये जास्त आणि कडेला जवळजवळ नाही. चेहरा स्पष्ट ठेवला तरी खोटा वाटत नाही, कारण चक्करमध्ये नजर शक्य तितकी समोर रोखून ठेवतात आणि मान शेवटी झटकन फिरवतात.

माझ्या कामाचा भाग असलेली भाषाही इथे उपयोगी पडली. कथकमध्ये ‘आमद’ म्हणून एक भाग असतो. शब्द फारसीतून उर्दूत आलेला, अर्थ आगमन. म्हणजे त्या पानावर नर्तकी पानात येताना दिसली पाहिजे, तिच्या पुढे मोकळी जागा हवी. मराठी पान डावीकडून उजवीकडे वाचलं जातं, उर्दू पान उजवीकडून डावीकडे. त्यामुळे उर्दू पानासाठी फोटो आरशासारखा उलटा करावा, असं छापखान्याचं म्हणणं पडलं. कथकचा फोटो उलटला तर बाहेरच्याला कदाचित कळणार नाही, पण नाचणारीला आणि तिच्या गुरूंना कळेल, कारण कोणता हात कुठे ते ठरलेलं असतं. लावणीचा उलटला तर गावातल्या कोणत्याही बाईला कळेल. नथ डाव्या नाकपुडीतून उजवीत जाते आणि पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर. फोटो न उलटता मी तो पानात सरकवला आणि मागचा पडदा एका बाजूने वाढवून मोकळी जागा केली. पडदा सपाट रंगाचा झालेला असल्याने ते पाच मिनिटांचं काम होतं.

शेवटी एकच पान, खऱ्या आकारात, ज्या कागदावर पुस्तिका निघणार त्याच कागदावर छापून घेतलं. मॅपलिथो कागद शाई पितो, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या गडद घड्या छापल्यावर काळ्याभोर होतात आणि झगझगीत राणी रंग मंद येतो. घड्या थोड्या उजळून दुसरं पान काढलं. ते हातभर अंतरावर धरून पाहिलं, नथ ओळखू आली, चंद्रकोर चंद्रकोरच दिसली. मग ते बाईंना दाखवलं. त्यांनी कपाळावरच्या आठीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ही राहू द्या.”

अशा एका फोटोला मला पाऊण तास लागतो. म्हणून सोळा पानांच्या पुस्तिकेत पाचच फोटो असे केले. बाकीचे साधे, कोणतंही फिल्टर न लावता छापले.