डॉक्टरांसाठी एक पान

पावणेसहा वर्षांच्या एका मुलाची स्पीच थेरपी संपली आणि मी त्याच्या फॅमिली डॉक्टरांसाठी डिस्चार्ज समरी लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात प्रत्येक भेटीची नोंद होती, पण यापुढे डॉक्टरांनी काय करायचं, हे कुठेच नव्हतं. तो बाजूला ठेवून मी एका पानात पुन्हा लिहायला घेतलं.

सुरुवात निदानापासून केली. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘बोबडं बोलतो’ असं होतं. मुलाचे उच्चार मात्र स्वच्छ होते. तो ‘प-प-पाणी’ असं अडखळायचा; कधी तोंड उघडायचं, डोळे घट्ट मिटायचे आणि आवाजच फुटायचा नाही. म्हणून ‘बोबडेपणा नव्हे, अडखळणं’ हे पहिल्याच ओळीत लिहिलं.

उपचार लिडकोम्ब पद्धतीचे होते. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या या पद्धतीत थेरपिस्ट शिकवतो आणि उपचार पालक घरी करतात. आई रोज 10-15 मिनिटं मुलाशी खेळता खेळता बोलायची. वाक्य न अडखळता आलं की “किती छान, सरळ आलं!” म्हणायची आणि अडखळला तर क्वचितच, तेही सहजपणे, दाखवून द्यायची. रात्री त्या दिवसाच्या बोलण्याला ती 0 ते 9 मधला अंक द्यायची. 0 म्हणजे अजिबात अडखळणं नाही.

सुरुवातीला 6 असायचे. 18 आठवड्यांनी 0 आणि 1 वर आले. त्यानंतर भेटींमधलं अंतर वाढवत शेवटी 16 आठवड्यांवर नेलं. एकदा माझ्या खोलीत तो सफाईने बोलला, पण त्याच आठवड्यात पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्याचा अंक 4 होता. म्हणून पत्रात मी घरचेच अंक दिले. ‘बरा झाला’ हे शब्द खोडले आणि ‘शेवटचे 16 आठवडे घरी 0 किंवा 1’ असं लिहिलं.

पाठवण्याआधी आईला वाचायला दिलं. एका ओळीवर त्या थांबल्या. “मॅडम, आमच्या घरातल्या भांडणांचं हे कशाला? डॉक्टर सगळ्या नातेवाइकांना ओळखतात.” त्यांचं खरं होतं. ती ओळ खासगी तर होतीच, शिवाय अडखळण्याचं कारण घरातली भांडणं असा चुकीचा अर्थ तिच्यातून निघत होता. मी ती काढून टाकली.

त्या जागी लिहिलं: ‘एखाददुसरा वाईट दिवस येईल, त्याने घाबरू नये. पण सलग काही दिवस अंक 2 किंवा त्याहून जास्त राहिला, किंवा बोलताना पुन्हा डोळे मिटू लागले, तर वाट न पाहता पाठवावं. “मोठा झाला की जाईल” असं कृपया सांगू नये.’

पाच महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला. मुलगा सर्दीसाठी आला होता. “मी आईला अंक विचारला. आठवडाभर 2 आणि 3 आहेत म्हणाली. उद्या पाठवू?”

दुसऱ्या दिवशी तो आला. आईने रोजचा खेळ पुन्हा सुरू केला आणि तीन आठवड्यांत वहीत परत 0 दिसू लागले.