मधुरास पत्र : कोटेशनच्या मेलबद्दल

चि. मधुरास,


काल रात्री तुझा मेल वाचला आणि झोप उडाली. ‘सात बाय आठ वॉर्डरोब, रु. १,०३,६००, जास्तीचं काम अ‍ॅक्च्युअलप्रमाणे.’ बस, एवढंच? आणि वर मला लिहितेस, “मामा, अटी लिहिल्या की गिऱ्हाइकाला वाटतं आपला त्याच्यावर विश्वास नाही.” अगदी तुझ्या बाबांचं बोलणं! कोथरूडच्या त्या डॉक्टरीणबाईंच्या किचनच्या वेळी त्यांनीही हेच ऐकवलं होतं. पुढचं तुला सांगायला नको.

तू विचारलंस एवढंच, की मेल मराठीत पाठवू की इंग्रजीत. कुठल्याही भाषेत पाठव गं. पण छप्पन्न चौरस फुटांना १,८५० चा दर लावताना तू मनात काय काय धरलंस, ते त्यात येऊ दे. एकोणीस एमएमचा बीडब्ल्यूपी प्लाय, बाहेरून १,५०० रुपये शीटचं लॅमिनेट, चालू लिफ्ट, सरळ भिंत. हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. त्या माणसाला फक्त लाखाचा आकडा दिसतो, आणि त्या आकड्यात तो आपल्या मनातलं कपाट बघतो.

लॅमिनेटचंच घे. त्यांच्या घरातल्या बाई दुकानात जाणार आणि २,६०० चं शीट पसंत करणार. गिऱ्हाइकं जातातच. मग तू म्हणणार, अकराशेचा फरक पडेल. त्या म्हणणार, एवढाच ना! पण फरक शीटमागे आहे, आणि शीटं लागतात तीन. एकवीस इंची चार शटर्स, आठ बाय चारच्या शीटमधून दोन निघतात, म्हणजे दोन शीटं. उघड्या राहणाऱ्या बाजूला तिसरं, कारण उरलेल्या सहा इंची पट्ट्यांतून दोन फुटांची बाजू होत नाही. झाले ३,३००. हे आज लिहिलंस तर त्या समजून घेतील. बिलात दिसलं तर तू लबाड ठरशील. म्हणून लिही : ‘लॅमिनेट रु. १,५०० प्रतिशीटपर्यंत धरलं आहे. तीन शीटं लागतील. महाग निवडल्यास दरातला फरक गुणिले तीन.’

भिंतीचंही तसंच. ‘भिंत सरळ असल्याचं गृहीत’ हे वाक्य कुचकामी आहे, कारण सरळ म्हणजे किती? जुन्या इमारतीत खाली सात फूट भरतं आणि वर सहा फूट अकरा इंच. खाली, मध्ये, वर अशी तीन ठिकाणी टेप लाव, ओळंबा सोड, आणि आकडा दे : आठ फुटांत दहा एमएमपर्यंतचा फरक आमच्या फिलर पट्टीत बसतो, त्याहून जास्त निघाला तर पट्टीचे इतके रुपये. आकडा नसलेलं गृहीतक म्हणजे नुसती पळवाट, आणि पळवाट गिऱ्हाइकालाही सापडते.

‘यात समाविष्ट नाही’ या यादीत लोक जुनं कपाट काढणं, राबिट उचलणं, लाइटचे पॉइंट, पुट्टी-रंग असं भराभर लिहून मोकळे होतात. मग ते करायचं कुणी आणि कधीपर्यंत? या कपाटाची पाठ बाथरूमच्या भिंतीला आहे, हे तुझ्याच ड्रॉइंगमध्ये दिसतंय. ‘वॉटरप्रूफिंग समाविष्ट नाही’ एवढंच लिहून तुझी सुटका नाही. प्लाय कितीही चांगला घातलास तरी ओल थांबत नाही, आणि लॅमिनेट फुगलं की शिव्या तुलाच. लिही की ओल दुरुस्त करणं घरमालकाकडे, फिटिंगच्या आधी भिंत कोरडी हवी, ओली आढळली तर फिटिंग पुढे जाईल आणि माणसांच्या फुकट फेरीचे इतके पडतील.

वाढीव पैसे कशामुळे लागतील, तो क्षण दोघांना दिसणारा असावा. तुझ्या कामात तो म्हणजे कटिंग. ड्रॉइंगमध्ये दोन बदल फुकट. प्लाय कटिंगला गेला की ड्रॉवर वाढवायचा तरी वाया गेलेला माल आणि मजुरी लागणार. कटिंगची तारीख मेलमध्येच टाक. त्यानंतर फोनवर कुणी “एवढं करून टाक गं” म्हणालं, तर त्याच संध्याकाळी रक्कम नि वाढणारे दिवस लिहून मेल कर, आणि ‘मंजूर’ असं उत्तर येईपर्यंत करवतीला हात लावू नकोस. जीएसटी वेगळा, हे दर पंधरा दिवसांपुरतेच, हेही हवं. प्लायचा भाव तुझ्यासाठी थांबणार नाही.

विश्वासाचं म्हणशील, तर हे सगळं आधी वाचून जो बिथरतो तो बिल बघून किती बिथरेल? मला खरी काळजी वेगळीच आहे. हे गिऱ्हाईक वहिनींच्या ओळखीतलं, म्हणून अ‍ॅडव्हान्स मागायलाही तू लाजणार. वर्कशॉपचं भाडं काय वहिनी भरणार आहेत? निम्मी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय माल उचलू नकोस. सुधारलेला मेल गिऱ्हाइकाला जाण्याआधी मला पाठव, मी जागाच असतो.

तुझा,
मामा