दोन जागा आणि एक खोली

माझ्या पुतणीला क्रिकेटचे वेड आहे. आम्ही सांगलीकर, स्मृती मानधना ज्या गावच्या मैदानावर वाढली, त्या गावच्या मुलीला हे वेड लागले नसते तरच नवल. २०२५ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पणत्या लावता लावता सुमी मला म्हणाली, "काका, बायकांच्या विश्वचषकाचा शेवटचा सामना पाहायला न्याल मला?" बत्तासे वाटताना माणूस उदार झालेला असतो. मी "नेईन" म्हणून मोकळा झालो.

शब्द दिल्यावर कळले की, सामना कोठे होणार हेच तोवर पक्के नव्हते! पाकिस्तानचा संघ अंतिम फेरीत आला असता, तर सामना कोलंबोला व्हायचा होता. नाही तर नवी मुंबईला. त्याच दिवशी पाकिस्तान हरले आणि नवी मुंबई निश्चित झाली. दोन दिवसांनी, भाऊबीजेला, भारताने न्यूझीलंडला हरवून उपांत्य फेरी गाठली. पण अंतिम सामन्यात भारत असेल की नाही, हे गुरुवारी, तीस तारखेला रात्री कळणार होते. आणि सामना तर रविवारी, दोन नोव्हेंबरला. तोवर थांबलो, तर उतरायला जागा मिळणार नाही, हे मास्तरकी करणाऱ्यालाही समजत होते.

म्हणून आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. तिकिटाच्या आधी खोली धरली. सामन्याच्या गावी खोल्यांचे भाव संघ जिंकताच चढतात. आधी धरलेल्या खोलीचा भाव मात्र चढत नाही. अट एकच ठेवली : एकतीस तारखेपर्यंत रद्द केली तर सारे पैसे परत. थोडी महाग पडली, पण ते जास्तीचे पैसे म्हणजे माझ्या अनिश्चिततेचे भाडे होते. आणि खोली एका रात्रीसाठी नव्हे, दोन रात्रींसाठी घेतली. रविवारी पावसाने खेळ पुरा झाला नाही, तर सोमवार राखून ठेवला होता. पुष्कळांना हा राखीव दिवस आठवत नाही आणि सोमवारी सकाळी परतीच्या गाडीत बसून ते उरलेला सामना फोनवर पाहतात.

भाऊबीजेला आलेली माझी थोरली बहीण हे ऐकून रुसली. "अरे, डोंबिवलीला माझं घर असताना तू लॉजवर उतरणार? लोक काय म्हणतील?" आता ताईला काय सांगावे? नकाशावर डोंबिवली आणि नेरूळ जवळजवळच दिसतात. पण मैदानापासून जवळ याचा अर्थ मैलांत मोजायचा नसतो. सामना सुटल्यावर चालत जाऊन उशीवर डोके टेकता येते की नाही, एवढाच त्याचा अर्थ. सामना दुपारी तीनला सुरू होणार, म्हणजे वेळेवर झाला तरी साडेदहा होणार. मग हजारो माणसांबरोबर नेरूळ स्टेशन गाठायचे, ठाण्याला गाडी बदलायची, पुन्हा डोंबिवली. बरोबर चौदा वर्षांची मुलगी. मी ताईला एवढेच म्हणालो, "मंगळवारी तुझ्याकडे जेवायलाच येतो." ती गप्प राहिली. तिचे गप्प राहणे मला रागावण्यापेक्षा जड गेले.

गुरुवारी रात्री जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाला नमवले आणि घरोघर तिकिटांचा शोध सुरू झाला. अधिकृत विक्रीच्या पानावर आमचा नंबर काही लागेना. शुक्रवारी सकाळी ओळखीच्या एका गृहस्थाने कुणाचा तरी निरोप पुढे पाठवला : दोन तिकिटे आहेत, घरी अडचण आल्याने द्यायची आहेत. सोबत छायाचित्रे. माणूस गोड बोलला. "मागणारे दहा जण आहेत, पण तुम्ही शिक्षक म्हणून तुम्हाला देतो," म्हणाला. हजार रुपये बयाणा मी पाठवूनही दिला.

आयुष्यभर मुलांच्या वह्यांतली नक्कल पकडणारा मी. पण नक्कल पकडली सुमीने. दोन्ही तिकिटे शेजारी धरून ती म्हणाली, "काका, आसनांचे आकडे वेगळे आहेत, पण हा ठिपक्यांचा काळा चौकोन दोन्हींवर एकच आहे." खरोखरच एक चौकोन दोनदा डकवला होता. मी त्या माणसाला म्हटले, "ज्या खात्यातून तिकिटे घेतली, ते उघडून दाखवा, किंवा तिथूनच आमच्या नावावर करून द्या." तो म्हणाला, "आधी उरलेले पैसे." मी नाही म्हणताच त्याने फोन ठेवला, तो कायमचा.

मग मला या व्यवहाराचे मर्म कळले. चौकोन वेगवेगळे असते, तरी ते चित्र खरे ठरले नसते. प्रवेशद्वारावरचे यंत्र तो चौकोन एकदा वाचते आणि तो वापरला गेल्याची नोंद करते. खऱ्या तिकिटाचे चित्रही दहा जणांना विकता येते. जो आधी पोचेल तो आत, बाकीचे नऊ बाहेर. म्हणजे कागद निरखून तिकीट पारखता येत नाही. ते कोणाच्या खात्यातून आपल्या खात्यात आले, एवढेच पारखता येते. मी १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवली. वेळीच कळवले, तर पैसे वाटेत अडवता येतात. माझे अडले नाहीत. उशीर झाला होता.

त्या रात्री खोली रद्द करायची मुदत संपत होती. सुमी काही बोलत नव्हती. तिने पाठीवरची पिशवी तेवढी भरून ठेवली होती. मी अधिकृत पान पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या दोन जागा दिसल्या आणि मिळाल्या. मी खोली राहू दिली.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालो. मैदान सायन-पनवेल महामार्गालाच लागून आहे, त्यामुळे वाटेतच उतरता आले. दुपारी पाऊस आला आणि तीनचा सामना पाचला सुरू झाला. पण मला आधी आठवते ते प्रवेशद्वार. आमच्या पुढे एक गृहस्थ होते, हातात छापील कागद, बरोबर निळा सदरा घातलेला मुलगा. यंत्राने त्यांचा कागद नाकारला. एकदा, दोनदा, तीनदा. ते रागावले नाहीत; मुलाचा हात धरून रांगेतून बाजूला झाले. सुमीने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले. माझ्या हातून आणखी काही हजार रुपये गेले असते, तर त्या जागी आम्हीच असतो.

सामना तुम्ही पाहिलाच असेल. शफालीच्या सत्त्याऐंशी धावा, दीप्तीचे पाच बळी आणि हरमनप्रीतने घेतलेला तो शेवटचा झेल. भारत बावन्न धावांनी जिंकला, तेव्हा मध्यरात्र झाली होती. स्टेशनच्या वाटेवर माणसांचा पूर लोटला होता. आम्ही त्याच्या विरुद्ध दिशेने, वीस मिनिटे चालत, खोलीवर आलो. सुमी बूट न काढताच झोपली.

मंगळवारी डोंबिवलीला जेवायला गेलो. ताईने पुरणपोळी केली होती. वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं, लॉजवर राहिलात. रात्री दीडपर्यंत मी टीव्हीसमोर बसून काळजी करत होते, की ही पोर आता येणार तरी कशी?"