पाय टेकत नाहीत

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि माउस बंद केला. डाव्या हाताने प्रयत्न करून पाहिला, पण प्रोजेक्टरवरचा बाण इतका भेलकांडायला लागला की मुलंच संकोचली. शेवटी आठवीतल्या एका मुलीला माझ्या खुर्चीत बसवलं. मी बाजूला उभा राहून सांगायचं आणि तिने करायचं, असं ठरलं. सांगायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की हा पाठ माझ्या तोंडात कधी नव्हताच, तो सगळा हातात होता. टाचणवहीत दरवर्षी एकच ओळ असायची: ‘छायाचित्रातील वस्तू काढणे व घालणे, गिंप, चार तासिका.’ मुख्याध्यापकांची सहीही त्या एका ओळीखाली मुकाट होत होती.

खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. प्रोजेक्टरवर मी शाळेच्या व्हरांड्यातलं निळं पिंप बोलता बोलता गायब करायचो आणि वर्गातून एक लांब ‘ओऽऽ’ यायचा. त्या ‘ओऽऽ’साठी मी हा पाठ मुद्दाम दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यायचो, वर्ग मरगळलेला असतो तेव्हा. मुलांना त्यातून काय येत होतं, हे तपासायची मला फारशी घाई नसे.

आता नव्याने लिहिलेल्या टाचणात फोटो तोच आहे. व्हरांडा, मागे भिंत, भिंतीला खाली तपकिरी ऑइलपेंटचा पट्टा आणि वर पिवळट रंग, खाली शहाबादी फरशी, आणि भिंतीला टेकून पिण्याच्या पाण्याचं निळं पिंप. उजेड डावीकडून येतो. Clone आणि Heal यांतला फरक गिंप हाताळणाऱ्या कोणालाही माहीत असतो: पहिलं जसंच्या तसं उचलून ठेवतं, दुसरं पोत उचलतं आणि रंग-उजेड आजूबाजूचा घेतं. म्हणून मुलं Heal वर खूश असतात. भिंतीच्या मोकळ्या भागावर ते खरोखर छान चालतं. पण तपकिरी पट्ट्याच्या कडेशी गेलात की ते तपकिरी रंग वरच्या पिवळ्यात ओढतं आणि भिंतीवर ओल चढल्यासारखा डाग पडतो. मुलं तो डाग घालवायला परत Heal फिरवतात, आणि डाग पसरतो. तेव्हा नियम असा केला आहे, की आधी कड Clone ने जोडून घ्यायची. पट्ट्याच्या वरच्या कडेवर नेमका मध्य धरून Ctrl दाबून क्लिक करायचं, मग पिंपाच्या जागी त्याच कडेच्या रेषेत पहिला ठिपका ठेवायचा. Alignment मध्ये Aligned असेल तर पुढे हात सोडून पुन्हा टेकवला तरी अंतर तेच राहतं. पहिला ठिपका चुकला, तर पट्ट्याला पायरी पडते आणि ती पायरी मागच्या बाकावरूनही दिसते.

इथपर्यंत बहुतेक मुलं पोचतात. अडतात ती खाली, फरशीशी.

पिंप काढून झालं, भिंत छान जुळली, मुलांनी हात वर केले. माउसवर बसलेली मुलगी मात्र म्हणाली, “सर, पिंप गेलं पण बसलंय अजून तिथंच.” खरंच बसलं होतं. फरशीवर पिंपाच्या बुडाचं ओलं कडं तसंच होतं, त्याच्या उजवीकडे सावली होती, आणि भिंतीवर, पिंप जिथे टेकलं होतं त्याच्या आजूबाजूला, निळसर झाक होती. पिंपाने स्वतःचा रंग शेजारच्या भिंतीवर पाडलेला असतो. ते नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पिंप गेल्यावर जाणवतं. मी इतकी वर्षं हे सगळं हाताच्या एका फिरक्यात पुसत आलो होतो आणि तोंडाने एकदाही बोललो नव्हतो.

त्यामुळे पहिल्या तासिकेत आता माउसला हात लावायचा नाही. प्रत्येकाने फोटोच्या छापील प्रतीवर पेन्सिलीने वस्तूची हद्द आखायची. वस्तू म्हणजे नुसतं पिंप नाही. त्याची सावली, ओलं कडं, निळी झाक, सगळं आत आलं पाहिजे. पहिल्या खेपेला मुलं पिंपाला अगदी चिकटून रेघ मारतात. मग मी विचारतो, हे पिंप कालच हलवलं असतं तर आज इथे काय दिसलं नसतं? पेन्सिलीची रेघ हळूहळू बाहेर सरकते, आणि आखलेला भाग पिंपाच्या जवळपास दुप्पट होतो.

फरशीचं दुखणं वेगळं आहे. शहाबादी फरशीचे आडवे सांधे कॅमेऱ्याच्या जवळ लांब लांब दिसतात आणि भिंतीकडे जाताना एकमेकांजवळ येतात. पुढची फरशी उचलून मागे ठेवली तर ती मोठी दिसते, भरलेली जागा पुढे झुकल्यासारखी वाटते. म्हणून नमुना नेहमी त्याच रांगेतून, डाव्या किंवा उजव्या बाजूने घ्यायचा, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर सारखं राहतं. पण तेवढ्याने भागत नाही. भिंतीकडे जाणारे उभे सांधे प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनात झुकलेले असतात, त्यामुळे डावीकडचा सांधा उजवीकडे आणला की तिरका पडतो. तिथे आधी सांध्याशिवायची नुसती फरशी भरायची, मग सांध्याचा तुकडा वेगळ्या लेयरवर आणून थोडा फिरवून बसवायचा. हे कंटाळवाणं आहे, आणि पाठातलं खरं काम हेच आहे. झाल्यावर चित्र आडवं उलटवून पाहायचं. उलटलेल्या चित्रात डोळ्याची सवय मोडते आणि एकच डाग दोनदा आलेला असेल तर तो लगेच ओरडतो.

वर्गात मी नेहमी एक जुना फोटो दाखवतो. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिन उभा आहे आणि त्याच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव. 1940 साली येझोवला गोळ्या घातल्या गेल्या आणि त्या फोटोतून तो नाहीसा झाला. त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. मुलं थरारतात. मी मात्र त्या अनामिक कारागिरावर जरा जळतो: त्याला भरायला मुख्यतः पाणी मिळालं! पाण्याला सांधे नसतात. शहाबादी फरशीवर उभा असता येझोव तर त्याची परीक्षा झाली असती.

वस्तू घालण्याचा पाठ दुसऱ्या बाजूने तिथेच येऊन अडतो. पिंपाच्या रिकाम्या जागी आम्ही मुख्याध्यापकांची लाकडी खुर्ची ठेवतो. खुर्चीच का, तर तिच्या कडा सरळ आहेत, केस नाहीत, आणि तिला चार पाय आहेत. खुर्चीचा फोटो मी त्याच जागी उभं राहून, त्याच उंचीवरून, त्याच वेळी काढून ठेवला आहे. उजेड जुळतो, आकार जुळतो. म्हणजे मुलांपुढे एकच अडचण उरावी. ती म्हणजे खुर्ची तरंगते.

कापून आणलेली कोणतीही वस्तू तरंगते. मुलं म्हणतात, “सर, सावली द्या.” मग एक काळा मऊ ढग खुर्चीखाली येतो आणि खुर्ची आणखी वर उचलली जाते. कारण त्यांनी एकच सावली काढली, आणि लागतात दोन. एक लांबची: डावीकडून उजेड म्हणून उजवीकडे पडणारी, पायापासून दूर जाताना पुसट आणि विरघळत जाणारी, भिंतीला भेटली की वर वळणारी. दुसरी पाय जिथे फरशीला लागतो तिथली, पेन्सिलीच्या रेघेइतकी बारीक, गडद आणि कडक कडेची. पायाला जमिनीशी बांधते ती ही दुसरी. ती नसेल तर पहिली कितीही सुंदर असो, उपयोग नाही. दोन्हींना वेगळे लेयर, दोन्ही खुर्चीच्या लेयरखाली, दोन्हींवर Multiply, म्हणजे फरशीचे सांधे सावलीतून दिसत राहतात. रंग काळा घ्यायचा नाही. त्याच व्हरांड्यात खांबाची सावली पडली आहे, तिच्यातून उचलायचा. लांबच्या सावलीला ब्लर, जवळचीला जवळजवळ नाहीच. आणि ही बारीक रेघ चारही पायांना सारखी काढली की मागचे दोन पाय पुन्हा सुटतात, कारण खुर्चीखाली मुळात अंधार असतो आणि मागच्या पायांभोवती तो आधीच दाटलेला असतो. तिथे रेघ नको, सगळा भागच थोडा गडद हवा.

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर इतकी माणसं असतात, त्यांचे पाय कधी दिसले आहेत का? कमरेपर्यंत माणूस, खाली शुभेच्छुकांच्या नावांचा पट्टा. तो पट्टा पाय झाकायला आहे असं माझं ठाम मत आहे. केसांभोवती पांढरी किनार, तीन माणसांवर तीन दिशांनी उजेड, हे सगळं लोकांनी मान्य केलं आहे. पूर्वी स्टुडिओतले फोटोग्राफर काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे, ते डोळ्याला पाणी येईपर्यंत. त्यांच्या तुलनेत आमचं काम सोपं, आणि तरीही आम्ही पट्टा लावतो. आता फोनवर बोट फिरवून माणूस काढता येतो, हे मुलं मला दर तासाला ऐकवतात. मी त्यांना तेच पिंप फोनवर काढायला सांगतो. भिंत उत्तम भरून येते. फरशीचा सांधा मात्र मध्येच वाकडा होतो किंवा विरतो, आणि तो कुठे चुकला हे ज्याने हाताने सांधे बसवले आहेत त्यालाच आधी दिसतं. हे सांगताना मला जो आनंद होतो तो निव्वळ शिक्षकाचा नाही, हेही खरं.

नव्या टाचणात आता चार तासिकांचं नीट लिहिलेलं आहे: हद्द, कड, फरशी, पाय. वर्गातून ‘ओऽऽ’ येत नाही. त्याऐवजी मागून कोणी तरी म्हणतं, “मागचा डावा सुटलाय.” मला अजून त्याची सवय झालेली नाही.

पावसाळ्यात व्हरांडा ओला होतो, तेव्हा त्या मुलीने पुढचा पेच घातला. ओल्या फरशीत खुर्चीचं प्रतिबिंबही पडेल, ते कसं? मी म्हटलं, खुर्चीचा लेयर उभा उलटवायचा, फिका करायचा आणि पायाशी जोडायचा. तिने तसं करून पाहिलं आणि म्हणाली, “सर, पाण्यात तर खुर्चीची खालची बाजू दिसायला हवी.” बरोबर होतं तिचं. प्रतिबिंबातली खुर्ची आपण खालून पाहतो, आणि आमच्या फोटोत बैठकीची फक्त वरची बाजू आहे. उलटवून ती येणार नाही. मग खुर्ची दोन बाकांवर चढवायची, बाकांच्या मधून जमिनीवरून फोटो काढायचा, आणि व्हरांड्यातला फोटोही बाकाच्याच उंचीवरून नव्याने काढायचा, असं ठरलं आहे. खुर्ची मुख्याध्यापकांची आहे, आणि ती बाकांवर ठेवायची परवानगी मागायला अजून कोणी गेलेलं नाही.