मारू दे ना त्याला!

विदित गुजराथी २०२४ मध्ये टोरांटोला कँडिडेट्स खेळून आला, आणि नाशकातल्या बऱ्याच घरांसारखा आमच्याही घरात बुद्धिबळाचा पट कपाटावरून खाली आला. भाचा क्लासला जायला लागला आणि पहिल्या महिन्यातच एक मंत्र घेऊन आला: दुहेरी प्यादी वाईट. म्हणजे एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक अडकलेली आपली दोन प्यादी. मंत्र खोटा नाही हो, पण तो पाळायला जाऊन हा मुलगा एकाच जागी पुन्हा पुन्हा हरत होता. ती जागा सांगण्यासारखी आहे.

इटालियन ओपनिंग. पांढऱ्याचा उंट बी३ वर, काळ्याचा ई६ वर, दोघं समोरासमोर. दोन्ही राजांचं किल्लेकोट झालेलं. पांढऱ्याची प्यादी सी३, डी३ ला, काळ्याची ए६, डी६ आणि एच६ ला. पांढरा आमचा भाचा. त्याला भीती एकच, की काळा बी३ वरचा उंट मारेल, मग ए२ च्या प्याद्यानं परत मारावं लागेल आणि आपली बी-पट्टीत दोन प्यादी होतील. म्हणून तो स्वतःच आधी ई६ वर मारून मोकळा!

आता भीती खरी करून बघू. काळ्यानं मारलं, आपण ए-प्याद्यानं मारलं. प्यादी बी२ आणि बी३ वर. इथे प्याद्यांची बेटं मोजायची. बेट म्हणजे शेजारशेजारच्या पट्ट्यांतल्या प्याद्यांचा सलग गट. मध्ये रिकामी पट्टी आली की बेट तुटलं. ही कल्पना कापाब्लांकाच्या नावावर सांगतात. आधी ए पासून एच पर्यंत एक बेट होतं, आता बी पासून एच पर्यंत एकच आहे. काहीच तुटलं नाही. काठावरचं प्यादं मध्याकडे एक पाऊल सरकलं, इतकंच. आणि ए१ चा हत्ती, जो एरवी पंधरा चाली कोपऱ्यात झोपून असतो, तो एकही चाल न खर्चता उघड्या पट्टीवर उभा. समोर त्याला ए६ चं प्यादं दिसतंय. ते बी७ च्या प्याद्यानं राखलंय, म्हणजे बी७ तिथेच बांधलं गेलं. शिवाय ए६ वर काळ्याचंच प्यादं आडवं असल्यामुळे त्याला हत्तीवर हत्ती देऊन हा त्रास सहज संपवता येत नाही. बी३ चं प्यादं नंतर बी४ ला सरकवून जागाही मिळवता येते.

आणि भाच्यानं आधी मारलं की काय होतं? काळा एफ७ च्या प्याद्यानं परत मारतो. त्याची प्यादी ई५ आणि ई६ वर दुहेरी, बेटंही एकाची दोन झाली. कागदावर नुकसान. पण एफ८ चा हत्ती आयता एफ-पट्टीवर येतो; पुढचा घोडा एच५ वरून एफ४ कडे निघाला की त्याची नजर थेट एफ३ च्या घोड्यावर आणि त्यामागच्या एफ२ वर. वर ई६ च्या प्याद्यानं डी५ आणि एफ५ ही घरं बंद केली, जिथे पांढऱ्याचे घोडे जायला बघत असतात. भाचा हरायचा तो याच पट्टीवर.

मात्र हे काळ्याला नेहमी परवडत नाही. एच६ झालेलं नसेल तर पांढरा घोडा जी५ ला येऊन ई६ वर बसतो. वजीर बी३ ला आला की ई६ आणि बी७ दोन्हींवर एकदम नजर, त्याचं उत्तर आधी शोधलेलं हवं. आणि किल्लेकोट झालेलं नसेल तर एफ-पट्टीवर हत्तीच नाही, उलट उघडा पडतो तो राजा.

उलटं उदाहरण निम्झो-इंडियनचं. तिथे काळा सी३ वरचा घोडा मारतो, पांढरा बी-प्याद्यानं परत मारतो. सी३, सी४ दुहेरी, आणि ए-पट्टीतलं प्यादं वेगळ्या बेटावर एकटं. बी-पट्टी उघडली खरी, पण हत्तीला तिथे यायला चाल खर्चावी लागते आणि समोरच्या बी-प्याद्याला ए७ चा भक्कम आधार. इकडे काळा बी६ खेळून उंट ए६ ला आणि घोडा ए५ ला आणतो, आणि सी४ ला राखायला पांढऱ्याकडे एकही प्यादं उरलेलं नसतं. पांढरा हे सोसतो ते मध्यावरच्या ताब्यासाठी आणि दोन उंटांसाठी. पट्टीसाठी कोणी सोसत असेल असं मला वाटत नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की मारू दे ना त्याला! फक्त हत्ती पटावर आहेत तोवर पट्टी वापरून घे. दोन्हीकडचे हत्ती गेले की पट्टी रिकामी पडते, दुहेरी प्यादी मात्र शेवटच्या चालीपर्यंत तुझीच. परवा त्यानं ई६ वर मारलं नाही, किल्लेकोटातला हत्ती ई१ ला नेला आणि वाट बघत बसला. समोरच्या मुलानंही मारलं नाही. दोघं सहा चाली तसेच!